चार्जरवर महिनोन्‌महिने असणारा गेमिंग लॅपटॉप आणि चार्जिंगची मर्यादा : पार्श्वभूमी

भुसावळला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा गेमिंग लॅपटॉप चौदा महिने टेबलावरून हलला नव्हता. चार्जर कायम लावलेला आणि बॅटरी कायम शंभर टक्के, त्यामुळे तिला काही त्रास होत असेल अशी शंका घरात कोणालाच आली नव्हती. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा दिली.

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात DESIGN CAPACITY समोर 90,000 mWh, तर FULL CHARGE CAPACITY समोर 66,583 mWh असा आकडा होता. म्हणजे मूळ क्षमतेपैकी 74 टक्केच उरली होती. त्याहून बोलका आकडा CYCLE COUNT चा, म्हणजे बॅटरी पूर्ण क्षमतेइतकी किती वेळा वापरली गेली याचा होता. तो फक्त 31 होता. बॅटरी वापरून झिजली नव्हती, पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्णतेत पडून राहिल्याने झिजली होती. अशी झीज कशामुळे होते आणि तिच्यावर चार्जिंग शंभराच्या आधीच थांबवणाऱ्या मर्यादेचा उपाय कसा आला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

‘बॅटरी पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा’ हा सल्ला अजूनही अनेक घरांत दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. त्या बॅटरीला अर्धवट वापराची सवय जडते, असा अनुभव होता. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे लॅपटॉपमध्ये तीच रूढ झाली. तिला ही सवय जडत नाही, उलट पूर्ण भरलेले आणि पूर्ण रिकामे ही दोन्ही टोके तिला मानवत नाहीत. रसायन बदलले, पण सल्ला तोच राहिला.

भरलेल्या अवस्थेत नेमके काय बिघडते? प्रचलित लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टवर असतो, आणि अलीकडचे काही सेल त्याहूनही वर जातात. या दाबाखाली सेलमधील द्रवाचे विघटन सुरू राहते. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर साचणारा पातळ थर हळूहळू जाड होतो आणि तो थर होण्यात कामाचे लिथियम कायमचे अडकून पडते. तापमान वाढले की हा व्यवहार वेग घेतो. बॅटरीविषयीच्या लेखनात नेहमी उद्धृत होणाऱ्या एका तक्त्यानुसार, सेल 40 अंशांवर वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर सुमारे 65 टक्के क्षमता उरते, पण 40 टक्के भरून ठेवला तर सुमारे 85 टक्के. तापमान 25 अंश असेल, तर हेच आकडे 80 आणि 96 होतात. हे आकडे पडून असलेल्या सेलचे आहेत. चार्जरवर महिनोन्‌महिने असलेली बॅटरीही जवळपास पडूनच असते. आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात, जिथे पारा 45 च्या आसपास जातो आणि कूलर लावूनही दुपारी खोली तापलेलीच राहते, तिथे या तक्त्यातली 40 अंशांची ओळ आपली ओळ आहे.

पूर्वी यावर साधा उपाय होता. लॅपटॉपची बॅटरी खालून खिट्टी सरकवून निघत असे. घरी काम करणारे लोक ती निम्मी भरून कपाटात ठेवत आणि यंत्र नुसत्या चार्जरवर चालवत. खान्देशात या उपायाला भारनियमनाने मोडता घातला, कारण वीज गेली की काम जागीच बंद पडे. 2008 मधील मॅकबुक एअरसारख्या यंत्रांपासून बॅटरी आतच बसवण्याची पद्धत पसरत गेली आणि बॅटरी काढून ठेवण्याचा पर्याय जवळपास संपला.

बॅटरी आत ठेवूनच तिला शंभरपर्यंत जाऊ न देणे, ही कल्पना तोवर व्यावसायिक लॅपटॉपमध्ये आलेली होती. थिंकपॅडमध्ये चार्जिंग कधी सुरू व्हावे आणि कधी थांबावे, असे दोन आकडे ठरवता येत. सोनीच्या वायोमध्ये 80 किंवा 50 टक्क्यांची सोय होती. गेमिंग लॅपटॉपमध्ये ती पुढे वेगवेगळ्या नावांनी आली. आसुसमध्ये 60 आणि 80 टक्क्यांचे पर्याय असतात, तर लेनोवोमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ असतो. लिनक्समध्ये आसुसच्या यंत्रांसाठी ही मर्यादा 2019 मध्ये, कर्नलच्या 5.4 आवृत्तीपासून, `charge_control_end_threshold` या फाइलमधून ठरवता येऊ लागली.

मर्यादा 60 ठेवली की बॅटरी त्या आकड्यावर थांबते आणि लॅपटॉप चार्जरच्या विजेवर चालतो. आकडा दोन-तीन टक्के घसरल्याशिवाय चार्जिंग पुन्हा सुरू होत नाही. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर दर थोड्या वेळाने बारीक चार्जिंग होत राहिले असते. जड गेम चालू असताना काही यंत्रे चार्जरची वीज अपुरी पडल्यास बॅटरीतूनही थोडी घेतात. त्यामुळे चार्जर लावलेला असूनही आकडा 54 पर्यंत उतरलेला दिसला, तर तो बिघाड समजू नये. रोज तो 30 पर्यंत जात असेल, तर मात्र चार्जर कमी वॅटचा आहे का हे पाहावे.

साठ की ऐंशी, हा निर्णय आपल्याकडे वीज किती वेळ जाते त्यावर घ्यावा. भाच्याच्या बॅटरीत 60 टक्क्यांवर सुमारे 40 वॅट-तास उरत होते. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ताशी 20 वॅट-तास धरले, तर दोन तास निघतात. गेमला मात्र अर्धा तासही कठीण. त्याच्या भागात वीज सहसा तासाभरात परतते, म्हणून आम्ही 60 निवडले. शिरपूर-शहाद्याकडे शेतावरच्या घरी राहणाऱ्याला 80 सोयीचे ठरेल, आणि तेही शंभरापेक्षा पुष्कळ बरे.

या सोयीच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. गेलेली क्षमता तिने परत येत नाही. खालून येणारी उष्णता ती अडवत नाही, म्हणून लॅपटॉप गादीवर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवून 60 चा आकडा लावण्यात फारसा अर्थ नाही. महिनोन्‌महिने एकाच आकड्यावर राहिल्याने बॅटरीचे मोजमाप चुकू लागते आणि चाळीस टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडते. तसे झाल्यास मर्यादा काढून एकदा शंभरपर्यंत भरावे, दहा टक्क्यांपर्यंत उतरवावे आणि मर्यादा पुन्हा लावावी. टचपॅड दाबला जाईनासा झाला किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर आत वायू साचून बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जर काढून यंत्र बंद करावे, बॅटरीला टोचू किंवा दाबू नये, आणि ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.

आमच्याकडे चूक वेगळ्याच ठिकाणी झाली. दिवाळीत भाच्याने विंडोज नव्याने टाकले, तेव्हा मर्यादा ज्यातून ठरवली होती ते लॅपटॉप कंपनीचे साधन पुसले गेले आणि मर्यादा गुपचूप शंभरावर गेली. पंधरा दिवसांनी टास्कबारवरच्या बॅटरीच्या चिन्हाजवळ 100 दिसल्यावर ते लक्षात आले. साधन परत टाकून 60 ठरवले. या मे महिन्यात पुन्हा अहवाल काढला, तेव्हा FULL CHARGE CAPACITY 63,912 mWh होती. पहिल्या चौदा महिन्यांत 26 टक्के गेले होते, नंतरच्या बारा महिन्यांत तीन.