हॅशटॅग, स्थानिक (नाशिक)

हॅशटॅग, स्थानिक : समाजमाध्यमांवरील नोंदीला लावलेले, हॅश चिन्हाने (#) सुरू होणारे आणि गाव, उपनगर, रस्ता किंवा चौक यांचे नाव असलेले खूणशब्द. छोट्या दुकानाची वा घरगुती व्यवसायाची नोंद त्याच परिसरातल्या गिऱ्हाइकापर्यंत जावी, यासाठी ते वापरतात. ही नोंद मुख्यतः इन्स्टाग्राम आणि नाशिक शहर यांपुरती आहे.

चिन्हाचा उगम : गटाच्या नावाआधी हॅश चिन्ह लावण्याची पद्धत हॅशटॅगपेक्षा जुनी आहे. 1988 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या आयआरसी या गप्पांच्या यंत्रणेत खोल्यांची नावे या चिन्हाने सुरू होत. 23 ऑगस्ट 2007 रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर तीच पद्धत सुचवली आणि #barcamp हे उदाहरण दिले. ‘हॅशटॅग’ या शब्दाचे श्रेय काही जण मेसिनांनाच देतात. तथापि हा शब्द त्यानंतर काही दिवसांतच स्टो बॉइड यांच्या लेखनात आढळतो. म्हणून चिन्हाची कल्पना मेसिनांची आणि नाव बॉइड यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन डिएगोच्या परिसरात वणवे लागले, तेव्हा #sandiegofire हा टॅग पसरला. लक्षात येण्याजोग्या पहिल्या वापरांपैकी एक असा स्थलनामाचा निघाला, हे या नोंदीच्या दृष्टीने सूचक आहे. ट्विटरने 2009 मध्ये टॅगला दुवा जोडला, इन्स्टाग्रामने 2011 च्या आरंभी आणि फेसबुकने 2013 मध्ये टॅग स्वीकारले.

नाव आणि त्याचे लेखन : स्थानिक टॅगमध्ये शहराचे नाव येते आणि नाशिकच्या बाबतीत पहिली अडचण तिथेच आहे. शूर्पणखेचे नाक इथे कापले गेले म्हणून ‘नासिका’वरून नासिक, ही व्युत्पत्ती लोकांत रूढ आहे. नऊ टेकड्यांच्या शिखरांवरून ‘नवशिख’ अशीही एक उपपत्ती सांगतात; ती मागाहून जुळवलेली असावी, असे दिसते. पांडवलेण्यांच्या शिलालेखांत नावाचे जुने रूप ‘स’कारयुक्त आहे आणि 1883 च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्येही Nasik असेच छापले आहे. आज शासकीय लेखन ‘नाशिक’ व Nashik असले, तरी जुन्या पाट्यांवर आणि काही दुकानांच्या नावांत Nasik टिकून आहे. यंत्राच्या लेखी #nashik आणि #nasik ही दोन वेगळी दप्तरे आहेत. लहानमोठ्या रोमन अक्षरांनी मात्र फरक पडत नाही. #Nashik आणि #nashik एकच. स्थानिक व्यवसायाने Nashik हे रूप घ्यावे, कारण फोनवर टंकणारी माणसे बहुधा तेच लिहितात.

देवनागरीत अडचणी जास्त आणि अधिक बारीक आहेत. टॅग कुठे संपतो हे सॉफ्टवेअर ठरवते. मोकळी जागा, उद्गारचिन्ह किंवा संयोगचिन्ह आले की टॅग तुटतो. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे अक्षरांत न धरता जोडचिन्हांत धरली आहेत. ज्या सॉफ्टवेअरने फक्त अक्षरेच ग्राह्य मानली, त्यात #नाशिक लिहिल्यावर #न एवढाच टॅग उरत असे. मोठ्या माध्यमांवर हे आता बहुतेक सुधारले आहे. तरी नोंद टाकल्यावर पूर्ण शब्द निळा झाला आहे ना, हे पाहावे; अर्धा शब्द काळा राहिला, तर टॅग तिथेच तुटला. ‘ऱ्य’मधील अर्धा र आणखी फसवा. तो स्वतंत्र ऱ या अक्षरानेही लिहिता येतो आणि र, हलन्त व एक अदृश्य जोडणी अशा क्रमानेही. पडद्यावर ‘पुऱ्या’ दोन्हीकडे तशाच दिसतात, आतले अक्षरक्रम मात्र भिन्न असतात, म्हणून टॅगही दोन होऊ शकतात. टॅगसाठी असा शब्द टाळणे हा सोपा उपाय. ‘पुरी’ने काम भागते.

मराठीची खास अडचण विभक्तीची आहे. प्रत्यय नामाला चिकटतात, आणि टॅग वाक्यात गुंफला की तेही टॅगमध्ये शिरतात. ‘#नाशिकमध्ये ताजे मोदक’ असे लिहिल्यास नोंद #नाशिक या टॅगखाली जात नाही, #नाशिकमध्ये या वेगळ्या टॅगखाली जाते. #नाशिकची, #नाशकात, #नाशिककरांसाठी यांचे तेच. ‘#नाशिक मध्ये’ असे तोडून लिहिले, तर टॅग वाचतो पण शुद्धलेखन बिघडते. म्हणून वाक्यात स्थलनाम साधे ठेवावे आणि टॅग शेवटी मूळ रूपात, प्रत्ययाविना लावावा. इंग्रजी लेखनाच्या सवयीने वाक्यातच टॅग पेरणारे इथेच चुकतात.

शहराचा टॅग आणि भागाचा टॅग : #nashik उघडून पाहिला, तर द्राक्षबागा, त्र्यंबकेश्वर, रामकुंड, लग्नाची छायाचित्रे आणि सदनिकांच्या जाहिराती यांची गर्दी दिसते. हा टॅग नाशिकला येणाऱ्या माणसाचा आहे, नाशिकमध्ये राहणाऱ्याचा नव्हे. हॉटेल किंवा टॅक्सीचालक यांना तो उपयोगी पडेल. कॉलेज रोडवरच्या शिवणकामाच्या दुकानाला त्याचा फारसा लाभ नाही. 2026-27 च्या सिंहस्थाच्या काळात तो बहुतांशी यात्रेकरूंचाच होईल, अशी चिन्हे आहेत.

राहणारा माणूस स्वतःचा भाग सांगतो : इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, जेल रोड. पण एकटे भागाचे नाव धोक्याचे असते. #indiranagar लिहिल्यास नोंद बंगळूरच्या खाद्यगृहांत मिसळते, #dwarka दिल्लीत किंवा थेट गुजरातेत पोहोचते, आणि #cidco नवी मुंबईच्या घरांच्या सोडतीत हरवते. कॅनडा कॉर्नरचे उदाहरण सर्वांत गमतीदार. नाव तोडून #canada लावणाऱ्याची नोंद कुठे जाते, ते सांगायला नको. गंगापूर नावाची गावेही अनेक आहेत. म्हणून भाग आणि शहर एका शब्दात जोडतात : #indiranagarnashik, #gangapurroadnashik, #dwarkanashik.

टॅग निवडण्यापूर्वी तो शोधपट्टीत लिहून वरच्या वीसेक नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात. त्यांतल्या निम्म्याहून कमी नोंदी नाशिकच्या दुकानांच्या वा रहिवाशांच्या असतील, तर टॅग सोडावा. उलट तिथे स्वतःच्याच नोंदी दिसत असतील, तर तो टॅग म्हणजे वहीचा कप्पा झाला. त्याने कोणी नवे येत नाही. एकूण नोंदींचा मोठा आकडा पाहून टॅग निवडणे ही सर्वांत रुळलेली चूक. त्या आकड्यात जगभरच्या नोंदी असतात आणि आपली नोंद त्या ढिगात काही क्षणांत खाली जाते.

एक उदाहरण : गंगापूर रोडवरचे एक घर गणेश चतुर्थीला उकडीच्या मोदकांच्या मागण्या घेते, असे समजू. तांदळाची उकड काही तासांतच कोरडी पडते आणि पारी तडकते, त्यामुळे मोदक त्याच दिवशी आणि चार-पाच किलोमीटरांच्या आत पोहोचले पाहिजेत. पहिल्या वर्षी त्यांनी #modak #ganpatibappa #foodie #instafood असे टॅग लावले. पसंतीच्या खुणा भरपूर आल्या, पण संदेश ठाण्याहून, नागपूरहून आणि एक दुबईहूनही आला : ‘कुरिअर करता का?’ असे प्रश्न येऊ लागले, की नोंद चुकीच्या गर्दीत गेली, हे ओळखावे.

दुसऱ्या वर्षी मजकुराची पहिली ओळ अशी लिहिली : ‘उकडीचे मोदक, गंगापूर रोड, नाशिक. आदल्या रात्री आठपर्यंत सांगावे.’ नोंदीचे स्थळ म्हणून ‘नाशिक, महाराष्ट्र’ न निवडता गंगापूर रोड निवडला. शेवटी चार टॅग लावले : #gangapurroadnashik, शेजारच्या वस्तीसाठी #collegeroadnashik, पदार्थासाठी #ukadichemodak आणि शहरातल्या खवय्यांसाठी #nashikfood. यांतला #ukadichemodak हा एकटाच राज्यभराचा आहे. तो ठेवला, कारण पदार्थ कोणता हे यंत्राला त्यावरून कळते. #modak काढला. मोदकाचे साचे विकणारे आणि चॉकलेटचे मोदक करणारे सगळे त्याखाली असतात.

परिणाम मोजण्याचे दोन मार्ग आहेत. व्यावसायिक खाते असल्यास माहितीच्या पानावर कोणत्या शहरातल्या लोकांनी नोंदी पाहिल्या, ते दिसते. तिथे नाशिकचा वाटा पुणे-मुंबईच्या वर चढला पाहिजे. पण हे पान शहरापर्यंतच सांगते, म्हसरूळ की गंगापूर रोड हे सांगत नाही. त्यासाठी मागणी घेताना ‘आमच्याबद्दल कुठे पाहिलंत?’ असे विचारून, पत्त्याशेजारी उत्तर टिपून ठेवणे हा जुना मार्गच खात्रीचा. एका हंगामाच्या वहीतून कोणता टॅग ठेवावा, ते बरेचसे ठरते.

जागा आणि संख्या : इन्स्टाग्रामवर एका नोंदीला तीसपर्यंत टॅग चालत असत आणि बराच काळ तीसही भरण्याचा सल्ला दिला जाई. 2021 मध्ये कंपनीने स्वतःच तीन ते पाच पुरेत असे सांगितले. 2025 च्या अखेरीस मर्यादाच पाचांवर आणल्याचे जाहीर झाले. टॅग पहिल्या प्रतिक्रियेत लपवण्याची रीतही मागे पडली आहे, कारण शोधात सापडायचे असेल तर शब्द व टॅग मजकुरातच ठेवावेत, असे कंपनीचे सांगणे आहे. टॅग अनुसरण्याची सोय 2024 च्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे ‘#nashikfood अनुसरणारे’ असा तयार वाचकवर्ग आता नाही. टॅगने पोहोच फारशी वाढत नाही, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी वेळोवेळी सांगत आले आहेत. टॅगचे पुरस्कर्ते हे मानत नाहीत. प्रस्तुत संकलकाचा कल मोसेरींकडे आहे, मात्र एका दुरुस्तीसह : नोंद कशाबद्दल व कुठली आहे हे टॅग सांगतो, आणि मजकुरातले साधे स्थलनाम व निवडलेले स्थळ त्याला दुजोरा देतात. तिन्ही वेगवेगळे बोलले, म्हणजे टॅग इंदिरानगरचा, स्थळ मुंबईचे आणि मजकुरात गावच नाही, तर टॅग एकटा काही करू शकत नाही. खाते खाजगी असेल, तर टॅगखाली नोंद इतरांना दिसतच नाही. घरगुती व्यवसायांत ही चूक वारंवार आढळते.

अन्य माध्यमे : फेसबुकवर टॅगपेक्षा भागाचे व सोसायट्यांचे गट अधिक चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यासाठी टॅगचा उपयोग नाही. देवळाली कॅम्प व नाशिक रोड या भागांत इंग्रजी आणि हिंदी टॅग अधिक दिसतात. जुन्या नाशकातल्या, म्हणजे मेन रोड, सराफ बाजार, भद्रकाली या भागांतल्या दुकानांचे टॅग विरळ आहेत.