प्रकल्पाचे गुण आणि श्रेणी : पालकांना येणाऱ्या पत्राची पार्श्वभूमी

शालेय वर्षाच्या सुरुवातीला अनेक शाळांकडून पालकांना एक पत्र येते. यापुढे सत्राअखेरच्या परीक्षेबरोबरच वर्षभरातल्या प्रकल्पकार्याचेही मूल्यमापन होईल आणि श्रेणी या दोन्हींवरून ठरेल, असे त्यात कळवलेले असते. पत्राची भाषा नव्या पद्धतीची असली तरी महाराष्ट्रात पहिली ते आठवीपुरता या पद्धतीचा सांगाडा 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने घालून दिलेला आहे. त्यामुळे पत्रातला नेमका कोणता भाग नवा आणि कोणता जुना, हे कळण्यासाठी त्या निर्णयापासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. हाताने काम करत शिकण्याची कल्पना 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नयी तालीम म्हणून मांडली गेली. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापनाचा उल्लेख आला. तरीही वर्गात घटक चाचणी आणि सत्र परीक्षा यांचेच राज्य राहिले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हे मूल्यमापन बंधनकारक केले आणि कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तेव्हा राज्याला तपशील ठरवणे भाग पडले.

त्या तपशिलात मूल्यमापनाचे दोन भाग झाले. शिकत असताना होणारे ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. आकारिकासाठी आठ साधने सांगितली गेली आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय यांच्या बरोबरीने प्रकल्प हे त्यांतले एक होते. दोन्ही भागांचा भार इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीत आकारिकाला 70 आणि संकलिताला 30, तिसरी-चौथीत 60 आणि 40, पाचवी-सहावीत दोन्हींना 50, तर सातवी-आठवीत आकारिकाला 40 आणि संकलिताला 60 गुण असतात. आकारिकाच्या आत कोणत्या साधनाला किती गुण द्यायचे, ही वाटणी मात्र बऱ्याच अंशी शिक्षकांवर सोडली गेली. आज येणाऱ्या पत्रांत जे खरोखर नवे असते ते बहुतेक वेळा इथेच असते. आठ साधनांपैकी प्रकल्पाला शाळा आता मोठा वाटा देऊ पाहते.

सगळा गुंता मात्र ‘आकारिक’ या एका शब्दात साठलेला आहे. हा शब्द ज्या कल्पनेसाठी घडवला गेला, तिच्यात मूल शिकत असताना त्याच्या कामाकडे पाहून शिकवण्याला आकार देणे अभिप्रेत होते. पाण्याचे मोजमाप करताना मूल लिटर आणि मिलिलिटर यांत गोंधळले, तर शिक्षकाने ते टिपून ठेवावे, पुढच्या तासाला ते दुरुस्त करावे, आणि त्या चुकीबद्दल काही वजा करू नये, असा तो हेतू. परंतु शासन निर्णयाने त्याच आकारिकाला गुण दिले आणि ते गुण श्रेणीच्या बेरजेत घेतले. ज्या क्षणी चूक मोकळेपणाने दिसायला हवी, त्याच क्षणी तिची किंमतही मोजली जाऊ लागली. शिक्षकांपुढे यामुळे दोनच मार्ग उरले. प्रामाणिक नोंद करायची म्हणजे शिकण्याच्या काळातल्या अडखळण्याचे गुण कापायचे, नाहीतर सर्वांना जवळपास सारखे, भरघोस गुण देऊन मोकळे व्हायचे. मोठ्या वर्गांत दुसरा मार्ग रूढ झाला. पालकांनीही हे ओळखले, आणि दुकानातून आणलेली चित्रे कार्डशीटवर चिकटवून आदल्या रात्री घरीच ‘प्रकल्प’ तयार होऊ लागले. याचा दोष शिक्षकांना किंवा पालकांना देणे मला रास्त वाटत नाही. एकाच नोंदीकडून निदान आणि निकाल या दोन्हींची अपेक्षा ठेवली गेली, हा मूळ निर्णयातला दोष आहे.

त्याचा परिणाम एका कल्पित उदाहरणात मांडून पाहता येतो. सातवीच्या विज्ञानात आकारिकाच्या 40 गुणांपैकी 20 प्रकल्पाला आणि 20 इतर साधनांना आहेत, आणि संकलिताच्या 60 गुणांत 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे व 50 लेखीचे आहेत, असे धरू. एका मुलीला प्रकल्पात 13, इतर साधनांत 18, तोंडीत 8 आणि लेखीत 31 गुण मिळाले. बेरीज 70. दुसऱ्या मुलाने गल्लीतल्या दहा घरांचा पाण्याचा वापर आठवडाभर स्वतः मोजला. त्याला प्रकल्पात 19, इतर साधनांत 15, तोंडीत 8 आणि लेखीत 28 मिळाले. त्याचीही बेरीज 70. 61 ते 70 ला ब-2 आणि 71 ते 80 ला ब-1 असल्यामुळे दोघांनाही ब-2 मिळेल. आता शिक्षकाने प्रकल्पाचे सरसकट 18 गुण दिले असे समजा. मुलीची बेरीज 75 होऊन ती ब-1 मध्ये जाते आणि मुलाची 69 होऊन तो ब-2 मध्येच राहतो. ज्याने प्रकल्प खरोखर केला, त्याचेच सरसकट गुणांमुळे नुकसान होते. शिवाय प्रामाणिक गुणदानातही दोन अगदी वेगळी मुले एकाच श्रेणीत बसतात. त्यांच्यातला फरक सांगण्यासाठी प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींची जागा आहे, पण तिथे पुष्कळदा ‘प्रगती समाधानकारक’ एवढेच लिहिलेले आढळते.

दहावीला हा शासन निर्णय लागू नाही, पण पालकांच्या मनातली शंका तिथल्या अनुभवातूनच आली आहे. 2018-19 मध्ये भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातातले 20 गुण काढून टाकले गेले आणि राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला असल्यामुळे सगळी घसरण त्या 20 गुणांच्या खाती टाकता येत नाही. तरीही पुढच्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. 2021 मध्ये साथीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे 50 आणि दहावीच्या वर्षातील शाळेतल्या कामाचे 50 गुण धरून लागलेला निकाल 99.95 टक्के होता. शाळेने दिलेले गुण म्हणजे वाढवलेले गुण, हा समज या आकड्यांनी पक्का केला.

याच काळात धोरणाची वाट दोन उलट दिशांना गेली. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने समग्र प्रगतिपत्रक सुचवले. त्यात प्रकल्पाधारित शिकण्यातली प्रगती, स्वतःचे आणि सोबत्यांनी केलेले मूल्यमापन यांना जागा आहे. उलट शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीच्या आधारे राज्याने डिसेंबर 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधी मिळते, आणि तिथेही उत्तीर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे सहावीच्या पालकांना आलेले पत्र आणि आठवीच्या पालकांना आलेले पत्र शब्दशः सारखे असले, तरी त्यांचा अर्थ सारखा राहत नाही. आठवीत प्रकल्पाचे गुण कितीही चांगले असले तरी वार्षिक परीक्षेची अट स्वतंत्रपणे उभी असते.

अलीकडच्या काही पत्रांना गुणदानाचा तक्ता जोडलेला असतो. प्रश्नाची निवड, माहिती गोळा करून ठेवलेल्या नोंदी, मांडणी आणि वर्गात दिलेली तोंडी उत्तरे असे निकष त्यात असतात आणि प्रत्येकासाठी किती गुण, हे आधीच लिहिलेले असते. 2010 पासून मोकळी राहिलेली जागा या तक्त्याने बरीच भरते, कारण घरी तयार करून आणलेला प्रकल्प मांडणीचे गुण मिळवू शकला तरी नोंदींचे आणि तोंडी उत्तरांचे मिळवू शकत नाही. एक बाब मात्र बहुतेक पत्रांत नसते, आणि पालकांनी शाळेला विचारावी ती हीच. पहिल्या मसुद्यातल्या चुकांचे गुण कापले जाणार आहेत, की दुरुस्त करून आणलेल्या शेवटच्या कामालाच गुण मिळणार आहेत?