वारस नोंदीच्या शपथपत्राचा मसुदा परिच्छेदांत कसा मांडायचा

गावच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या जागी वारसांची नावे लावायची, तर अर्जासोबत मृत्यू दाखला, सातबारा उतारा, ओळखपत्र आणि वारसांची माहिती देणारे शपथपत्र जोडतात. शपथपत्र सज्ञान वारसाने करायचे, आणि ज्याला घरची माहिती स्वतः आहे त्यानेच केलेले बरे. बहुतेक मसुदे एकाच लांबलचक परिच्छेदात येतात. उदाहरणार्थ:

“माझे वडील 12 मार्च 2024 रोजी वारले, मागे आई, मी व बहीण आहोत, जमीन आजोबांनी 1968 साली घेतली होती आणि बहिणीला हिस्सा नको आहे.”

हे वाक्य फोडायला घ्या. एका परिच्छेदात एकच गोष्ट ठेवायची:

1. मी मयताचा मुलगा असून वरील पत्त्यावर राहतो.
2. माझे वडील दि. 12 मार्च 2024 रोजी मयत झाले.
3. त्यांच्या मागे आई, मी व बहीण असे तीनच वारस आहेत.
4. सदर जमीन आजोबांनी 1968 साली खरेदी केली, असे मला आईने सांगितले.

बहिणीचे वाक्य मात्र गळले. तिला हिस्सा नको, हे भावाने शपथेवर सांगून काही होत नाही. त्यासाठी तिचे स्वतःचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. सगळे एकत्र लिहिलेले असताना ही चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. वेगळा परिच्छेद करायला गेलो की लगेच दिसते.

परिच्छेदांना आकडे घालण्याचे खरे कारण सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याचे शेवटी जे लिहून देतात त्यात आहे. स्वतःला ठाऊक असलेले कोणते आणि ऐकीव कोणते, हे तिथे परिच्छेदांच्या क्रमांकाने सांगावे लागते. “वरील सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे” हे छापील वाक्य म्हणून कच्चे. सर्वोच्च न्यायालयाने 1952 सालीच, मुंबई राज्याच्या एका खटल्यात, माहिती कुठून मिळाली ते सत्यापनात यायला हवे असे बजावले होते. आपल्या मसुद्यात ते असे येईल:

“मी शपथेवर सांगतो की परिच्छेद 1 ते 3 मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा आहे व परिच्छेद 4 मधील मजकूर आईकडून मिळालेल्या माहितीवर आधारित असून तो मी खरा मानतो. यातील काहीही खोटे नाही व काहीही लपवलेले नाही.”

नंतर एखादा परिच्छेद वाढवला किंवा काढला, तर हे आकडे पुन्हा जुळवा. टायपिंगवाल्याकडे नेमके हेच राहून जाते.

सत्यापनाखाली डावीकडे ठिकाण व दिनांक, उजवीकडे शपथकर्त्याची सही व पूर्ण नाव. त्याखाली शपथ देणाऱ्या नोटरी किंवा अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याला चार बोटे जागा सोडा. सही घरून करून नेऊ नका, ती त्यांच्यासमोरच करायची असते. प्रत्येक पानावर आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारीही सही हवी. नुसत्या सह्या एकट्या शेवटच्या पानावर जात असतील, तर सत्यापनही त्याच पानावर ओढून घ्या. नाहीतर ते पान कोणत्याही कागदाला जोडता येते.