चार मिलिमोलचा आकडा आला कुठून? धावपटूंच्या लॅब टेस्टमागची गोष्ट

मुंबई-पुण्याकडच्या हौशी धावपटूंमध्ये हल्ली लॅब टेस्टचे रिपोर्ट एकमेकांना दाखवले जातात. रिपोर्टमध्ये दोन आकडे ठळक असतात. एक व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा. दुसरा लॅक्टेट थ्रेशोल्डच्या पेसचा, म्हणजे श्रमात स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट ज्या वेगापुढे रक्तात साठत जातं त्याचा. गप्पा बहुतेक पहिल्या आकड्यावर रंगतात. पैसे वसूल व्हायचे असतील तर ते दुसऱ्यामुळे होतात, आणि वादही सगळा त्याच दुसऱ्याभोवती आहे.

पहिल्याचा इतिहास थोडक्यात आटोपतो. 1920 च्या दशकात एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने पाठीवर पिशवी बांधून, तिच्यात उच्छ्वास गोळा करत, स्वतः गोल गोल धावून मोजमापं घेतली. वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढत नाही, हा निष्कर्ष तिथून आला. आजचा मास्क आणि गॅस अॅनालायझर हे त्या पिशवीचंच सुधारलेलं रूप आहे. अडचण अशी की हा आकडा निवडीसाठी बरा, पण धावपटूला रोज उपयोगी पडेल असं त्यात फारसं नाही. मिनिटाला, वजनाच्या किलोमागे 50 मिलिलिटर असलेले दोघं दहा किलोमीटरच्या शर्यतीत पाच-पाच मिनिटांच्या फरकाने येऊ शकतात. शिवाय भागाकार वजनाने होतो, त्यामुळे नुसतं तीन किलो वजन उतरलं तरी आकडा चढतो आणि माणूस खूश होतो.

लॅक्टेटची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. बेडकाच्या स्नायूत श्रमानंतर लॅक्टिक आम्ल साठतं हे 1907 मध्येच केंब्रिजमध्ये दाखवलं गेलं होतं. 1964 मध्ये अमेरिकेत हृदयरुग्णांसाठी एक कल्पना मांडली गेली: व्यायाम वाढवत नेला की एका बिंदूनंतर स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही आणि लॅक्टेट वाढू लागतं. म्हणजे थ्रेशोल्डची सुरुवात दवाखान्यातली, मैदानावरची नव्हे. पुढे जर्मनीतल्या क्रीडावैद्यकाने ती उचलली आणि 1976 मध्ये कोलोनच्या एका गटाने ठरवलं, की रक्तातलं लॅक्टेट लिटरमागे 4 मिलिमोल होतं तो वेग म्हणजे थ्रेशोल्ड.

हा निर्णय कामाच्या दृष्टीने फार सोयीचा होता. खरी मर्यादा शोधायची तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठरावीक वेगांनी अर्धा-अर्धा तास धावावं लागतं, आणि ज्या वेगाला शेवटच्या वीस मिनिटांत लॅक्टेट एक मिलिमोलहून जास्त वाढत नाही असा सर्वांत मोठा वेग हुडकावा लागतो. त्यात तीन-चार दिवस जातात. चारच्या रेषेने तेच काम एका सकाळी होऊ लागलं: टप्प्याटप्प्याने वेग वाढवायचा, प्रत्येक टप्प्याला रक्ताचा थेंब तपासायचा आणि लॅक्टेट चारला कुठे पोचतं ते पाहायचं. पण ती रेष सरासरीची होती. 1985 मध्ये याच परंपरेतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा सरासरी चारच्या जवळच निघाली, मात्र एकेका धावपटूचा आकडा साधारण 3 ते 5.5 असा पसरलेला होता. ज्याची खरी मर्यादा तीनवर आहे त्याला चारच्या वेगाने रोज पळवलं तर तो थकून जाणार. ज्याची साडेपाचवर आहे तो आरामात फिरून येणार.

1985 च्या त्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली आणि ती रिपोर्टमध्ये क्वचितच लिहिलेली असते. टप्पा किती मिनिटांचा ठेवला यावर आकडा हलतो. स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून तीन मिनिटांच्या टप्प्यात ते पुरतं चढण्याआधीच वेग वाढवलेला असतो. त्यामुळे पाच मिनिटांच्या टप्प्यांना चार योग्य असेल, तर तीन मिनिटांच्या टप्प्यांना साडेतीन धरावं, असं त्यांनीच सुचवलं. चारचा आकडा जगभर गेला, ही अट मागे राहिली.

फरक किती पडतो ते पाहा. समजा एका धावपटूची तीन मिनिटांच्या टप्प्यांची टेस्ट झाली. ताशी 9 किलोमीटरला लॅक्टेट 1.2, दहाला 1.4, अकराला 1.9, बाराला 3.1 आणि तेराला 5.2. चारची रेष ताशी 12.4 वर छेदते, म्हणजे किलोमीटरला 4:50 चा पेस. दुसरी लॅब हेच आकडे घेऊन ‘सर्वांत कमी आकड्यात दीड मिळवा’ ही पद्धत लावते. तिथे 2.7 चा बिंदू येतो आणि पेस निघतो 5:08. माणूस तोच, रक्त तेच, आणि किलोमीटरमागे 18 सेकंदांचा फरक. अशा पद्धती एकदोन नाहीत. 2009 च्या एका आढाव्यात थ्रेशोल्ड ठरवण्याच्या पंचवीस वेगवेगळ्या संकल्पना मोजल्या गेल्या.

दरम्यान मूळ कारणमीमांसाच डळमळली होती. स्नायूला ऑक्सिजन भरपूर मिळत असतानाही लॅक्टेट बनतं आणि हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, हे 1980 च्या दशकात पुढे आलं. वेगासोबत चढणारी लॅक्टेटची वक्ररेषा टिकली, तिचं स्पष्टीकरण बदललं. तरी ‘लॅक्टिक आम्लामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात’ हे अजून प्रत्येक रनिंग ग्रुपवर ऐकू येतं. (श्रम थांबल्यावर तासाभरात ते बहुतेक ओसरलेलं असतं.)

1990 च्या दशकात तळहातावर मावणारी यंत्रं आली आणि टेस्ट लॅबबाहेर पडली. नॉर्वेच्या धावपटूंनी गेल्या काही वर्षांत त्याचा गाजलेला वापर केला: इंटर्व्हलच्या मधे कानातून किंवा बोटातून थेंब काढायचा आणि लॅक्टेट तीनच्या आसपास, शक्यतो खालीच ठेवायचं. ते आकडे इकडे जसेच्या तसे उचलले जातात. पण त्यांचे आकडे त्यांच्या वक्ररेषेवरचे आहेत.

मग टेस्टला काही हजार रुपये द्यावेत का? नुसत्या व्हीओटू मॅक्ससाठी माझ्या मते नाही. धावण्याच्या घड्याळात दिसणारा त्याचा अंदाज चुकतो, पण चढतोय की उतरतोय एवढं सांगायला तो पुरतो. थ्रेशोल्ड पेसचा ढोबळ अंदाजही, जिच्यात तासभर जोर लावून पळावं लागतं अशा शर्यतीतून फुकट मिळतो. लॅक्टेट टेस्टचा खरा उपयोग वक्ररेषेच्या खालच्या टोकाला आहे. वरच्या उदाहरणात लॅक्टेट बुडापासून उठायला लागतं ते दहाच्या जरा पुढे, साधारण 5:50 च्या पेसला. हा माणूस ‘सावकाश’ म्हणून रोज 5:25 ने पळत असेल तर त्याचं सावकाश धावणं सावकाश नाहीच. हे शर्यतीच्या वेळेवरून सहज कळत नाही.

टेस्ट करायचीच तर टप्प्यागणिक आकडे मागून घ्यावेत, नुसते रंगीत झोन नकोत. टप्पा किती मिनिटांचा होता आणि कोणती पद्धत लावली हे लिहून घ्यावं, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर तुलना करता येते. आदल्या दिवशी लांब पल्ला मारून किंवा कमी जेवून गेलात, तर स्नायूत साठवलेलं इंधन, म्हणजे ग्लायकोजन, घटलेलं असतं, लॅक्टेट कमी येतं आणि सुधारणा झाल्यासारखी दिसते. बोट पुसलं नाही तर घामातलं लॅक्टेट थेंबात मिसळतं. मधल्याच एखाद्या टप्प्यावर आकडा अचानक उसळून पुढच्या टप्प्यावर पुन्हा खाली आला, तर बहुधा तेच झालेलं असतं. आणि एसीतल्या ट्रेडमिलवर ठरलेली हार्ट रेट मुंबईच्या दमट सकाळी लागू पडत नाही, त्याच पेसला ती वर जाते.