थर्मोवेलमधली अर्धा मिलिमीटर हवा

नाशिकजवळच्या टोमॅटो प्युरीच्या किंवा वाईनच्या कारखान्यात धुण्यासाठी ८० अंशांचं पाणी सतत लागतं. एक साधी मांडणी धरू. १०० लिटरची टाकी, तिच्यातून मिनिटाला ५० लिटर पाणी वाहतं, आत वाफेची कॉइल आणि वाफेच्या लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्ह. पाणी ३० अंशांनी आत येतं. व्हॉल्व्ह एक टक्का जास्त उघडला की बाहेरचं पाणी शेवटी एक अंशाने वाढतं, म्हणजे ८० अंशांसाठी तो साधारण अर्धा उघडा लागतो.

आधी या लाइनमध्ये तापमान मोजणारं ३ मिमी जाडीचं थर्मोकपल थेट पाण्यात बुडालेलं होतं. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की ते बदलायचं तर दर वेळी लाइन रिकामी करावी लागते. म्हणून शटडाउनमध्ये स्टेनलेस स्टीलचा थर्मोवेल, म्हणजे पाण्यात राहणारी तळ बंद असलेली नळी, बसवला आणि त्यात ६ मिमीचं थर्मोकपल सोडलं. कंट्रोलरच्या सेटिंगला कोणी हात लावला नाही. लाइन सुरू झाली आणि स्क्रीनवरच्या ट्रेंडमधली तापमानाची रेघ डोलायला लागली.

अशा वेळी पहिला संशय व्हॉल्व्हवर जातो. इथे दोष मात्र थर्मोवेलच्या आतल्या फटीत आहे. वेलचं भोक ७ मिमी आणि थर्मोकपल ६ मिमी, म्हणजे चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर हवा. स्टेनलेस स्टील उष्णता जितकी वाहून नेतं, त्याच्या सुमारे सहाशेव्या भागाइतकीच स्थिर हवा नेते. त्यात थर्मोकपलचं टोक वेलच्या तळाला टेकलेलं नसेल तर उष्णतेला धातूतून जायची सरळ वाटच उरत नाही. पाणी तापतं, मग वेलची भिंत तापते, मग हवा आणि सगळ्यात शेवटी टोक.

या उशिराला एक आकडा देता येतो. तापमान अचानक बदललं तर त्या बदलाचा ६३ टक्के भाग दाखवायला सेन्सरला लागणारा वेळ म्हणजे त्याचा टाइम कॉन्स्टंट. आपल्या उदाहरणात उघड्या थर्मोकपलचा तो २ सेकंद आणि वेलमधल्याचा २५ सेकंद धरू. टाकीचा स्वतःचा टाइम कॉन्स्टंट १२० सेकंद आहे, कारण १०० लिटर पाणी बदलायला २ मिनिटं लागतात. त्यापुढे २५ सेकंद किरकोळ वाटतात. पण सेन्सर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह आणि टाकी यांचा मिळून होणारा लूप डोलेल की स्थिर राहील, हे ठरवताना टाकीपेक्षा हे छोटे उशीरच जास्त महाग पडतात.

त्याचं कारण असं. कंट्रोलर चूक पाहून उलटा धक्का देतो. हा धक्का बरोबर अर्धं आवर्तन उशिरा पोचला तर तो उलटा राहत नाही, डोलण्याच्या दिशेनेच बसतो. झोका परत यायला लागला असताना मागून ढकलावं, तसं. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं, म्हणून हे अर्धं आवर्तन १८० अंशांचं. (हे अंश कोनाचे, तापमानाचे नव्हेत.) लूपमधला प्रत्येक घटक त्यातले थोडे अंश खातो, आणि जे उरतात त्यांना फेज मार्जिन म्हणतात. टाकी एकटी कितीही मोठी असली तरी ९० अंशांपेक्षा जास्त खाऊ शकत नाही. उरलेल्या ९० अंशांत बाकी सगळ्यांना भागवायचं असतं.

आता हिशोब. व्हॉल्व्हचा उशीर ४ सेकंद आणि गरम पाणी पाइपातून सेन्सरपर्यंत यायला ६ सेकंद. कंट्रोलर पीआय प्रकारचा आहे, म्हणजे तो आताच्या चुकीला आणि साचत गेलेल्या चुकीला, दोन्हींना उत्तर देतो. धक्क्याचा जोर म्हणजे गेन, तो ८. साचलेली चूक किती वेगाने भरून काढायची ते ठरवणारी इंटिग्रल वेळ ६० सेकंद. उघड्या थर्मोकपलवर टाकी ८३ अंश खाते, व्हॉल्व्ह १५, पाइप साडेबावीस, इंटिग्रल १४ आणि सेन्सर फक्त साडेसात. सुमारे ३८ अंश उरतात. लूप एखाद-दोन झोके घेऊन शांत होतो. थर्मोवेल आल्यावर एकटा सेन्सर ४९ अंश खातो आणि इंटिग्रलचा वाटा २० वर जातो. लूप मंदावल्यामुळे टाकी, व्हॉल्व्ह आणि पाइप यांचे वाटे थोडे घटतात, तरी हातात राहतात जेमतेम ६ अंश. शून्यावर लूप कायमचा डोलत राहतो. ६ अंशांवर डोलणं विझतं, पण इतकं हळू की तेवढ्यात कोणीतरी पाण्याचा नळ उघडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका आवर्तनाला सुमारे १३८ सेकंद लागतात.

त्यातही फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. मंद सेन्सर डोलणं लपवतो. या वेगाच्या आवर्तनात वेलमधलं थर्मोकपल खऱ्या चढउताराचा दोन-तृतीयांश भागच दाखवतं. स्क्रीनवर २ अंश वर-खाली दिसत असेल तर पाणी प्रत्यक्षात ३ अंश वर-खाली होत असतं, आणि तेही स्क्रीनच्या सुमारे १९ सेकंद आधी. ‘नवीन सेन्सरचा ट्रेंड कसा गुळगुळीत आला’ असं कोणी म्हणालं, तर मला तरी शंकाच येते.

दोष व्हॉल्व्हचा की मार्जिनचा, हे ओळखायला कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून फारसं निष्पन्न होत नाही, कारण दोन्ही प्रकारचं डोलणं तेव्हा थांबतं. त्याऐवजी ऑटोमध्येच गेन निम्मा करा. डोलणं मार्जिनमुळे असेल तर ते पाहता पाहता विझतं. व्हॉल्व्ह अडकत असेल तर डोलणं चालूच राहतं, फक्त आवर्तन लांबतं, आणि कंट्रोलरच्या आउटपुटची रेघ गोलाईदार न दिसता करवतीच्या दातांसारखी दिसते.

सेन्सरचा उशीर मोजायला बादली पुरते. लाइन बंद आणि रिकामी असताना वेल आणि थर्मोकपल एकत्रच काढा. नुसतं थर्मोकपल काढून मोजलंत तर फटीचा पत्ताच लागणार नाही. सेन्सरचा सिग्नल कंट्रोलरकडे पाठवणाऱ्या ट्रान्समीटरमधलं डॅम्पिंग, म्हणजे सिग्नल गुळगुळीत करणारी सेटिंग, शून्य करा, कारण तोही एक उशीरच आहे. जोडी ३० अंशांवर स्थिरावली की ९० अंशांच्या, सतत ढवळत ठेवलेल्या पाण्यात बुडवा आणि ६८ अंश दिसायला किती सेकंद लागले ते लिहा. पाणी स्थिर असेल तर आकडा विनाकारण मोठा येतो.

तात्पुरता इलाज सेटिंगमध्ये आहे. गेन साडेचार आणि इंटिग्रल १२० सेकंद केला की मार्जिन पुन्हा ३६ अंशांच्या आसपास येतं. किंमत अशी की पाण्याचा प्रवाह अचानक बदलला तर साचणारी एकूण चूक साडेतीन पटींनी वाढते. चूक किती वेगाने बदलते ते पाहून धक्का देणाऱ्या डेरिव्हेटिव्हने काही अंश परत मिळतात, पण सिग्नलमधला खरखराट व्हॉल्व्हपर्यंत पोचून तो सारखा थरथरतो.

खरा इलाज वेलच्या आत आहे. टोक तळावर दाबून धरणारं स्प्रिंगचं थर्मोकपल घ्या, त्याची लांबी वेलच्या खोलीशी जुळवा आणि फटीत त्या तापमानाला चालणारी उष्णतावाहक पेस्ट भरा. वेलच बारीक करून टाकू, हा मोह मात्र आवरायला हवा. वाहत्या द्रवात वेलमागे भोवरे सुटतात आणि त्यांची लय वेलच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली तर तो तुटतो. जपानच्या मोंजू अणुभट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये सोडियमच्या पाइपातला थर्मोवेल अशाच प्रवाहाच्या कंपनाने तुटला, सोडियम गळलं आणि आग लागली. म्हणून निमुळत्या टोकाचा वेल घ्यायचा तर आपल्या प्रवाहाच्या वेगासाठी कंपनाचा हिशोब करून घेतलेलाच घ्यावा. पेस्ट भरून झाली की जुना गेन लगेच परत टाकू नका. आधी तीच जोडी पुन्हा त्याच बादलीत बुडवा आणि २५ चे किती झाले ते बघा.