बुद्ध्यंक एकच, तरी निदान वेगळं

समजा, एकाच वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिच्याच वयाचा एक मुलगा आहे. अभ्यासात दोघंही बरेच मागे. तपासणी झाली आणि दोघांचाही बुद्ध्यंक 68 आला. अहवाल हातात पडताच शाळेत ठरतं की दोघांनाही बौद्धिक अक्षमता आहे, दोघांचाही अभ्यासक्रम हलका करू. यातला एक निर्णय योग्य असू शकतो. दुसऱ्यामुळे एका मुलाचं शिक्षण कायमचं खुंटू शकतं. कोणाचं, हे नुसत्या 68 वरून सांगता येत नाही.

त्यासाठी दुसरं मोजमाप लागतं, अनुकूलन वर्तनाचं. रोजच्या जगण्यात मूल किती गोष्टी आपल्या आपण करतं, ते यात पाहतात. त्याचे तीन भाग मानले जातात. वाचन, वेळ, पैसे, मोजणी हा संकल्पनांचा भाग. मैत्री, बोलणं, समोरच्याचा हेतू ओळखणं हा सामाजिक भाग. आणि कपडे, जेवण, स्वच्छता, रस्ता, सुरक्षितता हा व्यवहाराचा भाग.

गोंधळ होतो तो आकड्यांमुळे. दोन्ही मापनांत सरासरी 100 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते, 15 धरतात, म्हणून अहवालात ‘68’ आणि ‘64’ शेजारी शेजारी दिसले की दोन्ही बुद्धीचेच आकडे वाटतात. काही जण तर त्यांची सरासरीही काढतात. त्या सरासरीला काहीच अर्थ नाही, कारण दोन्ही आकडे वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बुद्धिमापन चाचणीत मूल शांत खोलीत, एका प्रशिक्षित माणसासमोर बसतं आणि ते जास्तीत जास्त काय करू शकतं हे पाहिलं जातं. अनुकूलन मापनीत मुलाला बहुधा प्रश्नच विचारत नाहीत. आई-वडील किंवा शिक्षकांना विचारून, कोणी आठवण करून न देता ते एरवी काय करतं, याची नोंद घेतात. एडगर डॉल यांनी 1935 मध्ये अमेरिकेतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत केलेली मापनी याच पद्धतीची होती आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

निदानासाठी दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. बुद्ध्यंक साधारण 70 किंवा त्याखाली हवा. त्यातही चाचणीची चूक धरून 65 ते 75 हा पट्टा जाणत्या नजरेने वाचायचा असतो. सोबत अनुकूलनाच्या तीन भागांपैकी किमान एकात ठळक कमतरता हवी, आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं असायला हवं. एकच अट पूर्ण होत असेल तर निदान होत नाही.

आता त्या दोघांचे अहवाल नीट उघडू. मुलीच्या बुद्धिमापनाच्या उपचाचण्यांचे गुण साधारण एकाच पातळीवर आहेत. अनुकूलनाचा एकूण गुण 64, संकल्पनांच्या भागात 60. घड्याळ तिला वाचता येतं, पण ‘अर्ध्या तासाने निघायचंय’ म्हटलं तर आता काय आवरायला घ्यायचं हे ठरवता येत नाही. आईचं आणि शिक्षिकेचं म्हणणं जुळतं. इथे निदानाला आधार आहे.

मुलाचं चित्र वेगळं आहे. शाब्दिक आकलनात त्याला 62, पण आकृत्यांवरून विचार करण्यात 88. असा फरक दिसला की 68 हा एकूण आकडा त्याच्याबद्दल फारसं सांगत नाही. अनुकूलन 90. तो धाकट्या भावाला सांभाळतो, निरोप नीट पोहोचवतो, एकटा ये-जा करतो. घरची भाषा वेगळी आणि चाचणी शाळेच्या भाषेत झालेली. त्याला बौद्धिक अक्षमतेचं निदान देणं चूक ठरेल. आधी त्याचं ऐकणं तपासायला हवं, मग शब्दांवर कमी अवलंबून असलेली चाचणी घ्यायला हवी, आणि वाचनाच्या विशिष्ट अडचणीचा वेगळा शोध घ्यायला हवा. 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत अशा मुलांबद्दल बोललं गेलं, जी शाळेच्या सहा तासांत ‘मंद’ ठरत होती आणि घरीदारी मात्र नीट वावरत होती. तेव्हा आकड्यापायी विशेष वर्गात बसवलेल्या मुलांचं जे नुकसान झालं, ते आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

उलटी चूकही होते. बुद्ध्यंक 73 आणि अनुकूलन 61 असलेल्या मुलाला ‘70 च्या वर आहे’ म्हणून परत पाठवलं जातं. मला ही चूक जास्त क्रूर वाटते, कारण मग त्याच्या अडचणींचं खापर आळसावर फुटतं.

पण अनुकूलनाचा आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. मुलाखतीत असं घडतं:

‘कपडे स्वतः घालते?’
‘हो, घालते की.’
‘बटणं?’
‘ती मी लावते. सकाळी घाईच असते हो.’
‘सुट्टीच्या दिवशी?’
‘खरं सांगू? तिला कधी लावू दिलीच नाहीत.’

पहिल्या ‘हो’वर थांबलो असतो तर गुण फुगला असता. शेवटचं वाक्य ऐकलं नसतं तर संधी न मिळाल्याची नोंद जमत नसल्याची म्हणून झाली असती. काही मापन्यांत ‘करता येत नाही’ आणि ‘येतं, पण गरज असताना करत नाही’ यांना वेगळे गुण असतात ते याचसाठी. घर आणि शाळा यांच्या उत्तरांत मोठी तफावत आली, तर सरासरी न काढता कोणत्या प्रश्नांवर ती आली ते शोधावं. घरी सगळं हातात मिळतं का, की शाळेत गोंगाटात मूल गोठून जातं, हे तिथेच कळतं.

शाळेसाठी या दोन मापांचा उपयोगही वेगळा. बुद्धिमापनातून शिकवण्याची पद्धत सुचते: अमूर्त कल्पना किती सावकाश मांडायच्या, एका वेळी किती सूचना द्यायच्या, चित्राचा आधार घ्यायचा की शब्दांचा. काय शिकवायचं आणि मदत किती लागेल, हे मात्र अनुकूलनातून ठरतं. 2013 मध्ये आलेल्या डीएसएम-5 या निदान-नियमावलीत अक्षमतेची तीव्रता ठरवण्यासाठी बुद्ध्यंकाऐवजी अनुकूलन धरलं आहे, ते याच कारणाने.

त्या मुलीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘गणितात सुधारणा’ असं मोघम लिहून भागणार नाही. मापनीतला नेमका अडलेला प्रश्न उचलायचा. उदाहरणार्थ, चार कामांची चित्रं क्रमाने लावून, घड्याळातल्या ठरलेल्या काट्यावर ती एकटीने सुरू करणं. आधी शिक्षिकेच्या एका खुणेवर, मग खुणेशिवाय. तेच घरी आणि मैदानावरही, कारण एका ठिकाणी आलेलं कौशल्य दुसरीकडे आपोआप जात नाही. ती नेहमीच्या वर्गातच राहू शकते. धडा तोच, पण अपेक्षा बदललेली.

मुलाचा अभ्यासक्रम मात्र कमी करायचा नाही. त्याला भाषेचा आधार, जास्त वेळ आणि तोंडी उत्तरांची मुभा हवी.

वर्षभराने मुलीचा बुद्ध्यंक बहुधा त्याच पट्ट्यात राहील, म्हणून आराखड्याचं यश त्यावर मोजू नये. अनुकूलनाचा प्रमाणित गुणही हलणार नाही कदाचित, कारण तुलनेतली इतर मुलंही वर्षभर पुढे गेलेली असतात. अशा वेळी पालकांनी फक्त एकूण गुण न पाहता प्रश्नांची भरलेली पत्रिका मागून घ्यावी आणि गेल्या वर्षी ‘कधीच नाही’ असलेल्या किती नोंदी आता ‘कधी कधी’ किंवा ‘नेहमी’ झाल्या, हे शिक्षिकेसोबत बसून एकेक करून पाहावं.