वेव्हलेटच्या लेयर आल्या कुठून?

शार्पनिंगचा स्लायडर सगळ्यांनी ओढलेला असतो, तो फोटोतून त्याचीच धूसर प्रत वजा करतो आणि उरलेले बारीक तपशील वाढवून परत मिसळतो. वेव्हलेटच्या लेयर, म्हणजे फोटोतले बारीक ते मोठे तपशील वेगवेगळ्या थरांत सोडवणं, हेही त्याच वजाबाकीवर उभं आहे. युक्ती मात्र फिल्मच्या काळातली. निगेटिव्हवरून मुद्दाम थोडी धूसर पॉझिटिव्ह बनवायची, ती निगेटिव्हवर ठेवून प्रिंट काढायची. धूसर प्रतीत फक्त मोठे उजेड-अंधाराचे पट्टे असतात, त्यामुळे तेवढेच दबतात, बारीक रेघा सुटतात, मग जास्त कॉन्ट्रास्टचा कागद वापरला की त्या उठून दिसतात. म्हणजे वजाबाकीच, फक्त काचेवर केलेली.

१९६५ साली फूरियेचं गणित कॉम्प्युटरवर झटपट करायची रीत छापून आली आणि फोटोला लहरींची बेरीज समजून मोजणं परवडायला लागलं. लांब लहरी म्हणजे आकाशाचा हळूहळू बदलणारा रंग, आखूड लहरी म्हणजे केस, पापण्या. आखूड लहरींना दीडने गुणा, उलटं फिरवा, फोटो शार्प! गोची अशी की यातली प्रत्येक लहर अख्ख्या फोटोभर पसरलेली असते. एका ठरावीक लांबीपाशी लहरी धाडकन कापल्या तर प्रत्येक कडेशेजारी पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा उमटतात, आणि हे गणित फोटोची डावी कड उजवीला चिकटलेली धरतं, म्हणून एका कडेचा उजेड कधीकधी दुसऱ्या कडेला भुतासारखा डोकावतो.

वेव्हलेट म्हणजे थोड्याच जागेपुरती असलेली छोटी लहर, तिने "किती बारीक" बरोबर "कुठे" हेही धरून ठेवलं. सुरुवातीच्या झटपट पद्धतीत दर पायरीला चित्र निम्मं करत जायचे. फाइल लहान करायला ते उत्तम, पण शार्पनिंग करताना चित्र एक पिक्सेल सरकवलं तरी उत्तर बदलतं आणि चौकटी दिसायला लागतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी जी दुसरी रीत आली तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ "भोकांसकट": चित्र निम्मं करायचं नाही, त्याऐवजी ब्लरच्या आकड्यांमध्ये मोकळ्या जागा सोडत ब्लर रुंद करायचा, आणि दर पायरीला आधीच्या चित्रातून नवं ब्लर चित्र वजा केलं की एक लेयर मिळते. पाच लेयर आणि उरलेलं चित्र धरून मेमरी सहापट लागते, पण माझ्या मते सौदा स्वस्तातच पडला.

एका ओळीवर करून बघू. सगळे पिक्सेल १०० आणि मधला एकच १८०. ब्लर १, ४, ६, ४, १ (भागिले १६) असा घेतला तर मध्ये येतं १०५, १२०, १३०, १२०, १०५. मूळातून हे वजा केलं की पहिली लेयर मिळते: -५, -२०, ५०, -२०, -५. आता ब्लर झालेल्या ओळीवर तेच आकडे एकेक पिक्सेल सोडून लावा, मधल्या जागी ११३.७५ येतं, म्हणजे दुसऱ्या लेयरमध्ये १६.२५. ठिपक्याची उंची ८०, त्यातले ५० सगळ्यात बारीक लेयरमध्ये, १६.२५ पुढच्यात, उरलेले १३.७५ खाली. बेरीज पुन्हा ८०, काहीच हरवलं नाही. आता पहिली लेयर दुप्पट करा: ९५, ८०, २३०, ८०, ९५. ठिपका उजळला, पण बाजूचे १०० चे ८० झाले, आणि फोटोत कडेला दिसणारी काळी किनार ती हीच.

हा ठिपका तारा आहे की नॉइज हे लेयरला कळत नाही. म्हणून ही रीत खरी गाजली ती ग्रहांचे फोटो काढणाऱ्या हौशी लोकांत, २००० नंतर, वेबकॅम दुर्बिणीला लावून. हजार फ्रेमची सरासरी काढली की नॉइज साधारण तिसाव्या हिश्श्यावर येतो, मग पहिली लेयर बिनधास्त ओढता येते. एकाच फोटोवर तेच सेटिंग लावलं तर नुसती वाळू दिसते. तिथे पहिलीला हात न लावता दुसरी-तिसरी थोडी उचलावी.

मग खाली धूसर लेयर आणि वर बारीक तपशिलाची लेयर असा फोटो दोन भागांत सोडवायच्या कामासाठी रीटचिंगवाल्यांनी "फ्रिक्वेन्सी सेपरेशन" हा शब्द उचलला आणि वाद सुरू झाला, अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, इथे फूरिये कुठे आहे, एक ब्लर आणि एक वजाबाकी, नाव उगाच भारदस्त. मला ते पटत नाही. गॉशियन ब्लर करणं म्हणजेच प्रत्येक लहरीला एकेका आकड्याने गुणणं, लांब लहरीला जवळपास एकने आणि आखूड लहरीला जवळपास शून्याने. वाट वेगळी, गणित तेच. तक्रार करायचीच तर "सेपरेशन"बद्दल करा. गॉशियन एका रेषेवर कापत नाही, हळूहळू उतरतो, त्यामुळे मधल्या आकाराच्या गोष्टी, म्हणजे सुरकुत्या, पुळीची सावली, दोन्ही लेयरमध्ये थोड्याथोड्या राहतात. खालची लेयर गुळगुळीत केली तरी पुळी वरून डोकावते ती यामुळेच. वेव्हलेटच्या पाच लेयरनाही हे चुकलेलं नाही, फक्त मधल्या गोष्टींना हात लावायला स्वतंत्र जागा मिळते.

गिम्पमध्ये २.१० पासून हे वेव्हलेट डीकंपोज नावाने आयतं मिळतं. लेयर करड्या दिसतात कारण वजाबाकीत उणे आकडे येतात आणि ते दाखवायला मधला करडा शून्य धरलेला असतो. ८ बिटमध्ये तो १२८, त्यापलीकडचा फरक कापला जातो, म्हणून आधी ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट करून घ्या. लेयर बरोबर सुटल्या का हे बघायचं तर काही न बदलता सगळ्या चालू ठेवून एकत्र करा आणि मूळ फोटो वर डिफरन्स मोडमध्ये ठेवा: पूर्ण काळं दिसलं पाहिजे, कडांवर फिकट रेघा दिसल्या तर काहीतरी कापलं गेलंय.